या चुका टाळा: ‘आजीने पाटी वाचू शकली नाही’

ठाण्यातल्या शाळकरी मुलांचे निबंध तपासताना एक चूक हमखास भेटते. तलावपाळीच्या सहलीवर बेतलेला हा परिच्छेद वाचा:

‘आजीने पाटी वाचू शकली नाही. ताईने तिला ती वाचून दाखवली. धाकट्याने भेळ खाऊ लागला आणि मिनिटभरात सगळी भेळ खाऊन टाकला. दादाने बोटीची तिकिटे हरवून बसली. बाबांनी नवी तिकिटे काढून दिले.’

यात दुसरे वाक्य तेवढे बरोबर आहे. बाकीच्या बहुतेक चुकांचे मूळ एकच. ‘वाचणे’, ‘खाणे’, ‘हरवणे’ सकर्मक आहेत, म्हणून भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लावायची सवय असते: आजीने पाटी वाचली. पण संयुक्त क्रियापदात ‘वाचू’, ‘खाऊन’ ही धातुसाधिते लिंगवचनाप्रमाणे बदलत नाहीत. रूप सहायक क्रियापदाचे बदलते, आणि ‘ने’ लावायचा की नाही हेही तेच ठरवते.

‘शकणे’, ‘बसणे’ आणि आरंभ दाखवणारे ‘लागणे’ यांना ‘ने’ चालत नाही. म्हणून आजी पाटी वाचू शकली नाही, धाकटा भेळ खाऊ लागला, दादा तिकिटे हरवून बसला. ‘टाकणे’ आणि ‘देणे’ यांना मात्र ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालते: त्याने सगळी भेळ खाऊन टाकली, बाबांनी नवी तिकिटे काढून दिली. बाबांच्या वाक्यात ‘ने’ची चूक नाही, ‘तिकिटे’ अनेकवचनी आहे हे निसटले आहे. धाकट्याच्या वाक्यात ‘आणि’नंतर ‘त्याने’ पुन्हा लिहावाच लागतो, कारण मध्येच सहायक बदलला.

सगळ्यात फसवे वाक्य आजीचे. ‘आजी’ आणि ‘पाटी’ दोन्ही स्त्रीलिंगी, त्यामुळे ‘शकली’ कानाला खटकत नाही. अशा वेळी कर्ता पुल्लिंगी करून पाहावा. ‘आजोबांनी पाटी वाचू शकली नाही’ म्हटले की चूक लगेच ऐकू येते.

‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ दिसतच नाही, म्हणून ‘मी भेळ खाऊन टाकलो’ सहज लिहिले जाते. ‘मी’च्या जागी आधी ‘तो’, मग ‘त्याने’ घालून वाक्य मोठ्याने म्हणा. इथे ‘त्याने’ बसतो, म्हणून ‘मी भेळ खाऊन टाकली’. ‘वाचू शकलो’मध्ये ‘तो’ बसतो, म्हणून ‘मी पाटी वाचू शकलो नाही’.

‘ने’च्या वाक्यात कर्माला ‘ला’ लागला की मात्र सहायक नपुंसकलिंगी एकवचनात थांबतो: ताईने मांजरीला हाकलून दिले. आणि ‘लागणे’ सक्ती दाखवत असेल, तर कर्त्याला ‘ला’ येतो आणि दोन्ही रूपे कर्माप्रमाणे बदलतात: आजीला पाटी ताईकडून वाचून घ्यावी लागली. ‘घ्यावे लागली’ लिहिले असेल, तर निम्मीच दुरुस्ती झाली आहे.