स्क्रीन रेकॉर्डिंगची सफाई: आधी कात्री, मग झूम

स्प्रेडशीटमधल्या दुबार नोंदी कशा काढायच्या, हे दाखवणारं एक रेकॉर्डिंग समोर आहे असं धरू. लांबी तीन मिनिटं चाळीस सेकंद. त्यात बोलताना अडखळणं आहे, फाइल उघडेपर्यंतची वाट बघणं आहे, आणि बटणं इतकी बारीक दिसतात की फोनवर बघणाऱ्याला काहीच कळणार नाही. मी हे काम दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत करतो. दुसऱ्या एडिटरमध्ये नावं बदलतील, क्रम तोच राहील.

रेकॉर्ड करण्यापूर्वी दोन गोष्टी

कर्सर ठळक करायचं काम रेकॉर्डिंगच्या वेळीच उरकून घ्यावं, नंतर फार वेळ जातो. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉईज हे मोफत साधन आहे. त्यातलं Mouse Highlighter चालू करून `Win+Shift+H` दाबलं, की प्रत्येक क्लिकला कर्सरभोवती रंगीत वर्तुळ उमटतं. मूळ सेटिंगमध्ये डाव्या क्लिकला पिवळं आणि उजव्या क्लिकला निळं. मात्र हे वर्तुळ वेगळ्या थरावर काढलं जातं. स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्या ओबीएस या प्रोग्राममध्ये फक्त एकच खिडकी पकडणारं Window Capture निवडलं असेल, तर रेकॉर्डिंगमध्ये ते येतच नाही. Display Capture घ्या आणि दहा सेकंदांची चाचणी करून बघा.

दुसरी गोष्ट रिझोल्यूशनची. तयार व्हिडिओ 1920×1080 चा असेल आणि रेकॉर्डिंग 3840×2160 चं, तर दुप्पट झूम केला तरी अक्षर धारदार राहतं, कारण तेवढे पिक्सेल मुळात असतात. स्क्रीनच 1080 ची असेल तर दीडपटीच्या पुढे अक्षरं पिठूळ होऊ लागतात. अशा वेळी एडिटरवर भार टाकण्यापेक्षा रेकॉर्डिंगपूर्वी प्रोग्रामचं झूम वाढवून घेणं बरं. ओबीएसच्या Video सेटिंगमध्ये Base आणि Output हे दोन्ही आकडे सारखेच आहेत ना, तेही बघा. Output लहान असेल तर मोठ्या स्क्रीनचा फायदा तिथेच संपतो.

शांतता कापताना

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. सुरुवातीला मी आवाजाची शांतता शोधून आपोआप कापणारी सोय वापरली होती. व्हिडिओ छान आटोपशीर झाला. मग शिकणाऱ्यांकडून एकच प्रश्न येऊ लागला: कॉलम कधी निवडला? मी कॉलम निवडताना गप्प होतो, आणि ती निवडच कापली गेली होती. तेव्हापासून कापायचं की नाही हे मी कानाने नाही, डोळ्याने ठरवतो. आवाज नाही आणि पडद्यावरही काही हलत नाही, ती रिकामी जागा. आवाज नाही पण कर्सर कामाला लागलेला आहे, ती पायरी आहे, तिला हात लावायचा नाही.

जागा शोधायला मशीनची मदत जरूर घ्यावी. टर्मिनलमधून चालणाऱ्या एफएफएमपेग या मोफत साधनात ही आज्ञा चालवली, की प्रत्येक शांततेची सुरुवात आणि शेवट सेकंदांत मिळतो. फाइलला धक्का लागत नाही.

```
ffmpeg -i rec.mp4 -af silencedetect=noise=-35dB:d=0.8 -f null -
```

पंख्याचा आवाज रेकॉर्ड झाला असेल तर यादी रिकामी येईल. मग -35 ऐवजी -30 करून बघा.

आता यादीतली एकेक जागा टाइमलाइनवर बघत जा. दोन वाक्यांमधली पोकळी पूर्ण मिटवू नका, साधारण पाव ते अर्धा सेकंद श्वास राहू द्या. फाइल उघडतानाची बारा सेकंदं कापताना सुरुवातीचा आणि शेवटचा एकेक सेकंद ठेवा, म्हणजे इथे थांबावं लागतं हे बघणाऱ्याला समजतं. शेवटी किती दुबार नोंदी निघाल्या हे सांगणारा संदेश येतो, तिथे उलट दोन सेकंद जास्तच असू द्या. लोकांना तो वाचायचा असतो.

कट केल्यावर कर्सर एका जागेवरून दुसरीकडे टुणकन उडी मारतो. कट बरोबर बसला की नाही, याची हीच खूण. त्यासाठी कर्सर जिथे थांबला होता तिथून तो पुन्हा तिथेच असेल अशी फ्रेम शोधा. बहुतेक वेळा अर्ध्या सेकंदाच्या आत ती सापडते. नाहीच सापडली, तर नवी खिडकी उघडते त्या क्षणी कट ठेवा, तेव्हा नजर खिडकीकडे गेलेली असते. आवाजाच्या जोडावर दोन फ्रेमचा क्रॉसफेड दिला की टक असा आवाज येत नाही.

मग झूम

झूम आधी देऊन नंतर कापायला बसलात, तर चढत्या झूमच्या मधोमध कट येतो आणि चित्र झटका खातं. म्हणून कापाकापी पूर्ण झाल्याशिवाय झूमला हात लावू नये.

उदाहरणात Data टॅबवरचं Remove Duplicates हे बटण दाखवायचं आहे. 1920×1080 च्या चौकटीत ते डावीकडून 1250 आणि वरून 140 पिक्सेलवर आहे असं समजा. झूम 1.8 ठेवू. चौकटीचा मध्य 960 आणि 540. बटण मध्यापासून 290 उजवीकडे आहे, झूमनंतर ते अंतर 522 होतं, म्हणून Position X ला -522. उभ्या दिशेत बटण 400 वर आहे, म्हणजे चित्र 720 खाली आणावं लागेल. पण 1.8 झूमला चित्र उभ्या दिशेत जास्तीत जास्त 432 सरकतं, त्यापुढे वर काळी पट्टी दिसते. म्हणून Position Y ला -432 वरच थांबायचं. बटण वरच्या भागात राहतं, आणि ते योग्यच आहे. मेनूची पट्टी वरच असते हे बघणाऱ्याला माहीत असतं.

या तीन आकड्यांना कीफ्रेम द्या. 30 फ्रेमच्या व्हिडिओत वीसेक फ्रेममध्ये झूम पूर्ण होऊ द्या, सुरुवात-शेवट हळुवार करा, आणि क्लिकच्या अर्धा सेकंद आधी चित्र स्थिर होईल असं बघा. चित्र हलत असतानाच क्लिक झालं तर पिवळं वर्तुळही नजरेतून सुटतं. मग खिडकी उघडते, कॉलमच्या खुणा करायच्या असतात. त्यासाठी आधी बाहेर येऊन पुन्हा आत जाऊ नका, झूम तसाच ठेवून फक्त Position सरकवा. माझ्या या व्हिडिओत झूम दोनदाच आहे.

हा झूम मूळ क्लिपवरच द्या. वरच्या ट्रॅकवर Adjustment Clip टाकून दिला, तर तो आधीच 1080 वर उतरलेल्या चित्राला ताणतो आणि 4के रेकॉर्डिंगचा सगळा फायदा वाया जातो.

वर्तुळ रेकॉर्ड करायचं राहूनच गेलं असेल, तर हलत्या कर्सरमागे ते चालवत बसू नका. क्लिकच्या जागी, कर्सर थांबलेला असताना, अर्ध्या सेकंदासाठी एक पोकळ कडं ठेवा. महत्त्वाच्या तीन-चार क्लिकना तेवढं पुरतं.

शेवटी फाइल फोनवर घ्या, आवाज बंद करा आणि हातभर अंतरावर धरून बघा. प्रत्येक क्लिक कुठे झालं हे बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. माझं हे रेकॉर्डिंग दोन मिनिटं दहा सेकंदांवर आलं, आणि याच तपासणीत एक क्लिक झूमच्या आधी गेलेलं सापडलं. कीफ्रेम बारा फ्रेम मागे घेतल्यावर ते जागेवर बसलं.