व्हिसा फॉर्मच्या फोटोवर अरबी चिकटवू नका

म्हापशात आमच्या इमारतीत राहणाऱ्या येमेनी विद्यार्थ्याला शेंगेन व्हिसाचा फॉर्म भरायचा होता. फोनने फॉर्मच्या फोटोवरच अरबी भाषांतर चढवलं आणि दोन ओळींत मोडलेल्या 'डेट ऑफ इश्यू'मधल्या 'इश्यू'चं 'समस्या' झालं! बिचारा विचारतो, पासपोर्टात समस्या कसली?

त्यापेक्षा असं करा:

१. फोटोत फॉर्मवरचे छापील नंबर स्पष्ट दिसू द्या.
२. लेबल पूर्ण टाइप करून अरबी करा आणि त्याच नंबरने वेगळ्या कागदावर उतरवा. 'इश्यू'साठी 'इस्दार' हवं.
३. १ नंबरच्या 'सरनेम'ला 'अल-लक़ब' आलं तर बदला. माघरेबात, म्हणजे मोरोक्को-अल्जीरियाकडे, तो शब्द आडनावाला चालतो, पण इतरत्र त्याचा अर्थ पदवी किंवा टोपणनावही होतो. 'इस्म अल-आइला' लिहा.
४. ४ नंबरच्या जन्मतारखेपुढे दिवस, महिना, वर्ष हे तीन शब्द डावीकडून उजवीकडे सुटे लिहा, बाण काढून. अरबी उजवीकडून वाचतात, तिथेच घोळ होतो.

उत्तरं मात्र अरबीत नकोत. नावाचं स्पेलिंग पासपोर्टवरून अक्षर न् अक्षर उतरवायचं. मोहम्मदची स्पेलिंगं डझनभर आहेत.