केबलच्या कापाचा फोटो मागवण्याआधी

चाकणच्या एका शेडमधून वायरमनने केबलच्या कापाचा फोटो पाठवला होता. मी तो जिन्यात उभ्या उभ्या पाहिला आणि "साडेतीन कोअर, 95, आर्मर नाही" असं सांगून मोकळा झालो. त्या हिशोबाने ग्लँड आणि जॉइंट किट मागवलं. शटडाऊनच्या रविवारी पोराने बाहेरचं आवरण सोललं, तर आतून पोलादी पट्ट्या, म्हणजे आर्मर, निघाल्या. केबल A2XFY होती, मी A2XY म्हणून बसलो होतो. एका F ने रविवार खाल्ला. तेव्हापासून फोटो मागवण्याआधी ही तयारी करून घेतो, आणि सांगताना एक गोष्ट परत परत सांगतो. कंटाळा आला तरी ऐका.

सगळ्यात आधी, केबल मेलेली आहे ना? टोक चरात मोकळं पडलंय म्हणजे दुसरं टोकही मोकळं असेल असं नाही. सप्लाय बंद, टेस्टरने खात्री, अर्थ केलेलं, मगच करवत. "साहेब, बंदच आहे" हे फोनवर ऐकून कापायला सांगू नका. खात्री होत नसेल तर फोटो नको, दुसऱ्या दिवशी स्वतः जा.

काप बारीक दात्यांच्या हॅक्सॉने, नव्या पात्याने, सरळ आडवा घ्यायला सांगा. केबल कटरने कापलं की तोंड चेपतं आणि पट्ट्या आत ढकलल्या जातात. बोथट पातं त्याहून वाईट. त्याने पीव्हीसी गरम होऊन सगळ्या तोंडावर चोपडलं जातं. माझ्या फोटोत हेच झालं होतं. आर्मरची पट्टी साधारण 4 मिमी रुंद आणि फक्त 0.8 मिमी जाड असते. तिच्यावर काळं पीव्हीसी फिरलं की बाहेरचं आवरण, पट्टी आणि आतलं आवरण मिळून एकच जाडजूड काळं कडं दिसतं. म्हणून कापल्यावर तोंड सुरीने खरवडायचं, कपड्याने पुसायचं आणि मग दोन काळ्या थरांच्या मधे बघायचं. हीच ती गोष्ट. दोन काळ्या थरांच्या मधे.

तिथे छोटे गोल ठिपके ओळीने दिसले तर तारांचं आर्मर. बारीक चपट्या रेघा, मधे थोडी फट सोडून गोल फिरलेल्या दिसल्या तर पट्टीचं. आर्मरच्या आतला केबलचा व्यास 13 मिमीपर्यंत असेल तर आयएस प्रमाणे गोल तारा असतात. त्याहून जाड केबलला तार किंवा पट्टी यांपैकी काहीही चालतं, आणि मोठ्या केबलला पट्टी खूप दिसते. म्हणजे जिथे ठिपके शोधायची सवय लागलेली असते नेमकं तिथेच रेघ असते, आणि रेघ चुकते. जुना काप असेल तर एक फुकटची खूण मिळते, ती म्हणजे गंज. काळ्या कड्यात तांबूस वर्तुळ उमटलं असेल तर ते पोलाद.

तरीही नुसत्या तोंडाच्या फोटोवर आर्मरचा निकाल देऊ नका. बाहेरचं आवरण 5 सेंटिमीटर सोलून बाजूने दुसरा फोटो मागा. पट्ट्या असतील तर पिळासारख्या तिरक्या गुंडाळलेल्या दिसतात, त्यात शंकेला जागा नाही. हा फोटो मी मागितला नव्हता. दोन मिनिटांचं काम होतं. सोललेला फोटो मागा.

कोअर मोजणं सोपं, पण नवी पोरं तारा मोजतात. कोअर म्हणजे कंडक्टर आणि त्याचं स्वतःचं इन्सुलेशन. एकाच इन्सुलेशनच्या आत 19 तारा असल्या तरी ती सिंगल कोअरच. सिंगल कोअरचा कंडक्टर गोल असतो. तीन किंवा चार कोअरच्या मोठ्या केबलमध्ये कंडक्टर बहुधा भाकरीच्या तुकड्यासारखे कोनाचे असतात. चार सारखे चतकोर म्हणजे चार कोअर. तीन मोठे तुकडे आणि एक बारका म्हणजे साडेतीन, बारका तो न्यूट्रल. माझ्या केबलचे फेज 95 चौरस मिमीचे आणि न्यूट्रल 50 चा होता, एवढं मी बरोबर ओळखलं होतं, म्हणूनच तर डोक्यात हवा गेली. फोटो तिरका असला की चौथा तुकडाही उगाच बारका दिसतो, तेव्हा फोन तोंडाच्या अगदी समोर धरायचा आणि पूर्ण वर्तुळ चौकटीत घ्यायचं. शेजारी स्टीलची पट्टी ठेवा. नाणं नको, पाच रुपयांची जुनी आणि नवी नाणी एका मापाची नाहीत.

सिंगल कोअरच्या आर्मरची गोष्ट निराळी, इथे घाई केलीत तर फसाल. 1100 व्होल्टच्या सिंगल कोअरला आतलं काळं आवरण नसतं, आर्मर थेट इन्सुलेशनवर बसतं. म्हणजे "दोन काळ्या थरांच्या मधे" हे इथे "इन्सुलेशन आणि बाहेरचं काळं यांच्या मधे" असं वाचायचं. आणि एसीवर चालणाऱ्या सिंगल कोअरचं आर्मर ॲल्युमिनियमचं असतं. तीन फेज एकत्र असतील तर त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात. एकट्या कोअरचं क्षेत्र मारायला कोणी नसतं, त्यामुळे भोवती पोलादाचं कडं असलं तर तेच तापत बसतं. ॲल्युमिनियमवर तांबूस गंजाची खूण कधीच दिसणार नाही, पांढरट कडं पांढरटच राहतं आणि फोटोत उन्हाच्या चमकेत हरवतं. एसीच्या कामावरच्या सिंगल कोअरभोवती गंजलेलं वर्तुळ दिसलं तर मात्र नाव सांगण्याआधी ती केबल तिथे आली कशी ते विचारा.

अकरा केव्हीचा काप असेल तर प्रत्येक कोअरभोवती काळा थर आणि वर तांब्याची पातळ पट्टी दिसते. ती स्क्रीन आहे, आर्मर नाही. आर्मर सगळ्या कोअरना मिळून एकच असतं. तीन छोटी कडी आणि एक मोठं कडं, यांचा गोंधळ करू नका.

धातू ओळखायला कापाचं ताजं तोंड बघा. तांब्याच्या तारांवर कथिलाचा मुलामा असला तर बाजूने चंदेरी दिसतात, पण कापलेलं तोंड लालसरच असतं. एक्सएलपीई की पीव्हीसी, ते फोटोवरून सांगू नका, रंगावर तर मुळीच नको. आवरणावरचं छापील किंवा उठावाचं लिखाण असतं, त्याचा वेगळा फोटो घ्या. कोड वाचता आला तर A म्हणजे ॲल्युमिनियम, 2X म्हणजे एक्सएलपीई, W तार, F पट्टी, Wa ॲल्युमिनियमची तार, शेवटचा Y बाहेरचं पीव्हीसी. अक्षरं पुसलेली असली तर तोंडावरच भिस्त.

फ्लॅश बंद, उजेड बाजूने. फोटो मूळ फाइल म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप पट्टीची रेघ पुसून टाकतं. केबलच्या दुसऱ्या टोकाचाही फोटो, कारण कधी कधी मधे जॉइंट मारून वेगळी केबल जोडलेली असते. कापाचा तुकडा टाकू नका, खिशात ठेवा.

आणि ग्लँड मागवण्याआधी सोललेला फोटो.