अनेक कर्जांपैकी आधी कोणते फेडावे : जास्त व्याजाचे की लहान बाकीचे?

एकाच घरात क्रेडिट कार्डाची थकबाकी, सौहार्द संस्थेचे वैयक्तिक कर्ज, बचत गटाचे कर्ज आणि गावच्या सोसायटीचे पीक कर्ज अशी चार खाती एकाच वेळी चालू असणे बेळगाव, खानापूर किंवा निपाणी भागात नवलाचे नाही. सगळे हप्ते भरून महिन्याला काही रक्कम शिल्लक राहत असेल, तर ती कोणत्या खात्यावर टाकावी, हा प्रश्न उरतो. एक पद्धत सांगते की सर्वांत जास्त व्याजदराचे कर्ज आधी संपवावे. दुसरी सांगते की सर्वांत कमी बाकी असलेले कर्ज आधी मिटवावे. व्याजाचा विचार केला तर पहिली पद्धत सहसा सरस ठरते. पण ती किती रुपयांनी सरस ठरते, हे प्रत्येक घरात वेगळे असते आणि निर्णय त्या रकमेवरच घ्यावा.

आधी सर्व व्याजदर एका मापात आणावेत

प्रत्येक खात्याचा ताजा उतारा मागवून बाकी मुद्दल, व्याजदर, मासिक हप्ता आणि अंतिम मुदत एका कागदावर लिहावी. आपल्याकडे सहकारी संस्थांचे उतारे पुष्कळदा कन्नडमध्ये मिळतात. त्यांतील ‘असलु’ म्हणजे मुद्दल, ‘बड्डी’ म्हणजे व्याज आणि ‘कंतु’ म्हणजे हप्ता. एवढे तीन शब्द ओळखता आले, तरी निम्मे काम होते.

व्याजदर मात्र जसे सांगितले जातात तसे लिहून घेऊ नयेत. ‘शेकडा तीन’ असे कोणी म्हणाले की ते बहुधा दरमहा असते, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. फ्लॅट दरात तर याहून मोठी फसगत होते. ५०,००० रुपये तीन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट दराने घेतले, तर १८,००० रुपये व्याज धरून १,८८९ रुपयांचा हप्ता बसतो. मुद्दल दरमहा कमी होत असूनही व्याज मूळ रकमेवरच आकारलेले असल्यामुळे हा दर, घटत्या बाकीच्या हिशेबाने, सुमारे २१ टक्के पडतो. त्यामुळे असे कर्ज १५ टक्के घटत्या दराच्या कर्जाहून स्वस्त दिसले, तरी प्रत्यक्षात महाग असते.

मुदत चुकवून चालत नाही अशी कर्जे बाजूला काढावीत

सोसायटीचे अल्पमुदतीचे पीक कर्ज कर्नाटकात वेळेत फेडले तर शून्य टक्के व्याजाने मिळते, आणि २०२३-२४ पासून त्याची मर्यादा ५ लाख रुपये करण्यात आली आहे. केवळ व्याजदर पाहिला, तर हे कर्ज यादीत सर्वांत शेवटी जाईल. पण मुदत उलटली की व्याजाची सवलत जाते, म्हणून ऊस बिलाचे पैसे हाती आले की या कर्जापुरती रक्कम वेगळी ठेवावी आणि ती दुसऱ्या कोणत्याही खात्याकडे वळवू नये. मुदतीत न सोडवल्यास दागिने लिलावात जाऊ शकतात, म्हणून सोनेतारणालाही हाच नियम लावावा.

आता उरलेल्या कर्जांचा हिशेब दोन्ही क्रमांनी मांडावा

समजा, उद्यमबागेत काम करणाऱ्या एका टर्नरच्या घरात तीन कर्जे आहेत. कार्डाची बाकी ६०,००० रुपये असून व्याज दरमहा ३ टक्के आहे आणि त्यावर ते किमान ३,००० भरतात. सौहार्द संस्थेचे १,२०,००० रुपये वार्षिक १५ टक्के घटत्या दराचे असून हप्ता ४,००० रुपये आहे. पत्नीच्या बचत गटाचे २०,००० रुपये दरमहा १ टक्क्याने घेतलेले असून हप्ता २,००० रुपये आहे. कर्जांसाठी महिन्याला १४,००० रुपये काढता येतात. म्हणजे ९,००० रुपयांचे हप्ते भरून ५,००० रुपये जादा उरतात. कार्डाच्या व्याजावर जीएसटीही लागतो, पण सोपेपणासाठी तो येथे सोडला आहे.

जादा रक्कम आधी कार्डावर टाकली, तर कार्ड नवव्या महिन्यात संपते आणि सर्व कर्जे सतराव्या महिन्यात फिटतात. एकूण व्याज सुमारे २७,५४० रुपये होते. तीच रक्कम आधी बचत गटाच्या कर्जावर टाकली, तर ते तिसऱ्याच महिन्यात मिटते, त्याचा २,००० रुपयांचा हप्ता कार्डाकडे वळतो, आणि शेवट तरीही सतराव्या महिन्यातच होतो. एकूण व्याज सुमारे २९,४१५ रुपये, म्हणजे फक्त १,८७५ रुपये अधिक. लहान कर्ज तीन महिन्यांत संपल्यामुळे महागड्या कर्जाला फार थांबावे लागले नाही, हे त्याचे कारण. अशा घरात लहान कर्ज आधी मिटवणाऱ्याला मी चुकीचे म्हणणार नाही. महिन्याचा सक्तीचा हप्ता लवकर घटला, तर कारखान्यातील कामाची पाळी बंद असलेल्या महिन्यात त्याचा खरा उपयोग होतो.

हेच आकडे जरा उलटे करून पाहावेत. कार्डाची बाकी १,२०,००० आणि सौहार्दची ६०,००० असेल, कार्डावर किमान ५,००० आणि सौहार्दला २,००० भरायचे असतील, आणि बाकी सर्व तसेच असेल, तर लहान बाकी आधी फेडत गेल्यास व्याज सुमारे ५३,१९० रुपये होते. जास्त व्याज आधी या क्रमाने ते सुमारे ४१,८५० रुपये राहते. फरक ११,००० रुपयांच्या वर जातो आणि शेवटही एक महिना लांबतो, कारण सर्वांत महाग कर्ज हेच सर्वांत मोठे असल्याने ते दहा महिने जवळजवळ जागच्या जागी राहते. येथे जास्त व्याजाचाच क्रम धरावा.

जादा रक्कम भरताना

जादा पैसे ‘मुद्दलात जमा’ करण्याविषयी अर्ज देऊन पोच घ्यावी. काही ठिकाणी ती रक्कम पुढच्या हप्त्याची आगाऊ भरणा म्हणून धरली जाते आणि व्याज घटत नाही. पुढच्या उताऱ्यात ‘बड्डी’चा आकडा कमी झालेला नसेल, तर असेच घडले आहे असे समजून लगेच विचारणा करावी. फ्लॅट दराच्या कर्जात व्याज आधीच ठरवलेले असते, म्हणून मुदतपूर्व फेडीवर किती सूट मिळेल आणि काही शुल्क लागेल का, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारावे. सूट मिळत नसेल, तर त्या खात्यावर जादा रक्कम टाकण्यात काही अर्थ नाही.

कार्डावर बाकी पुढे ओढली जात असताना नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत; खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होते. त्यामुळे ते फिटेपर्यंत कार्ड वापरू नये, नाहीतर वरचा सगळा हिशेब चुकतो.

एखादे खाते संपले की त्याचा पूर्ण हप्ता त्याच महिन्यापासून पुढच्या कर्जावर टाकावा, संस्थेकडून बेबाकी दाखला घ्यावा, आणि सोसायटीच्या कर्जाचा बोजा जमिनीच्या उताऱ्यावर चढवलेला असेल, तर तो कमी झाल्याचे नवा उतारा काढून पाहावे.