नर्सिंग फिलॉसॉफी लिहिताना या चुका टाळा

‘रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा’ या ओळीने सुरू होणाऱ्या फिलॉसॉफी मी किती वाचल्या, याचा हिशेब आता ठेवत नाही. जळगाव जिल्ह्यात जीएनएमच्या मुलींना शिकवते. पोर्टफोलिओसाठी किंवा बाहेरच्या कोर्सच्या अर्जासाठी, नर्स म्हणून आपण काय मानतो हे सांगणारी पानभर फिलॉसॉफी लागली की त्या मसुदा घेऊन येतात आणि पहिली ओळ बहुधा हीच असते.

ओळ खोटी नाही. पण लिहिणारी वॉर्डात नेमकं काय करते, हे तिच्यातून कळत नाही. मी मुलींना वाक्य उलटं करून बघायला सांगते. ‘रुग्णाशी कठोरपणे वागावं असं मी मानते’ असं कोणी लिहील का? नाही ना? मग मूळ वाक्यही सगळ्यांचंच झालं, तुमचं एकटीचं नाही. याउलट ‘रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगितल्याशिवाय मी डिस्चार्जची माहिती पूर्ण झाली असं धरत नाही’ हे वाक्य घ्या. घाईच्या वॉर्डात याला नको म्हणणाऱ्या सिस्टर भेटतील. म्हणजे इथे तुम्ही बाजू घेतली आहे.

अशी बाजू प्रसंगातून सापडते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या मसुद्यात करुणा, समर्पण, त्याग सगळं होतं, रुग्ण मात्र एकही नव्हता. मी विचारलं, ‘कोणत्या पेशंटनंतर तुझी काम करायची पद्धत बदलली?’ बराच वेळ गप्प बसून तिने सांगितलं ते असं.

केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या एका आजींना इन्शुलिन सुरू झालं होतं. डिस्चार्जच्या वेळी हिने सांगितलं, ‘फ्रिजमध्ये ठेवा, समजलं ना?’ आजी ‘हो’ म्हणाल्या. मे महिन्यात त्या परत आल्या तेव्हा साखर खूप वाढलेली. इंजेक्शन चुकलेलं नव्हतं, डोसही बरोबर होता. पण घरात फ्रिजच नव्हता. बाटली पत्र्याच्या छताखाली फळीवर होती. उष्णतेने इन्शुलिनचा जोर कमी होतो आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते वेगळं सांगायला नको. दुसऱ्या वेळी हिने अहिराणीत विचारलं, ‘माय, घरमा कोठे ठेवशी?’ मग ओल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा डब्यात बाटली ठेवायचं ठरलं. उघडल्याची तारीखही बाटलीवर लिहिली, कारण उघडलेली बाटली साधारण 28 दिवसच वापरायची असते.

हे तिने मसुद्यात घातलंच नव्हतं. का, तर ‘मॅडम, यात माझीच चूक दिसते.’ पण चुकीनंतर काय बदललं, यातूनच तर तिची भूमिका दिसते!

दुसरी चूक थिअरीची. नर्सिंगच्या पुस्तकांत व्यक्ती, परिसर, आरोग्य आणि नर्सिंग या चार संकल्पना असतात. मुली या चारही संकल्पनांच्या व्याख्या उतरवतात, शेवटी नाइटिंगेल, हेंडरसन, वॉटसन अशी नावं ओवतात. आजींचा प्रसंग नीट लिहिला की चारही आपोआप येतात. व्यक्ती म्हणजे ‘हो’ म्हणून गप्प राहणारी आजी, परिसर म्हणजे पत्रा आणि ऊन, आरोग्य म्हणजे साखर आटोक्यात ठेवून बागेत कामाला जाता येणं, आणि नर्सिंग म्हणजे तो एक प्रश्न विचारणं. थिअरी एकच घ्या, प्रसंगाला बसणारी. इथे डोरोथिया ओरेमची स्वतःच्या काळजीबद्दलची थिअरी बसते: रुग्णाला स्वतःची काळजी घेता यावी म्हणून नर्सने आधार द्यायचा आणि शिकवायचं, असा एक भाग तिच्या मांडणीत आहे. कोमातल्या रुग्णाचा प्रसंग असता तर हा भाग लागू पडला नसता. तिथे नर्सच सगळं करते, आणि ओरेमने तेही वेगळं मांडलं आहे. नाव लिहिण्याआधी एवढं तपासावं.

तिच्या मसुद्यात दोन परिच्छेद ‘मला हा कोर्स का करायचा आहे’ यावर होते. ते मी सरळ कापले. ती अर्जातली वेगळी जागा असते.

शेवटी राहिला आजींचा तपशील. प्रसंग घालून तिने मसुदा पुन्हा आणला, तेव्हा त्यात गाव, वय, वॉर्ड, दाखल झाल्याची तारीख, सगळं लिहिलं होतं. नाव नव्हतं म्हणून तिला ते सुरक्षित वाटलं. पण तालुक्याच्या गावात एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. ‘शेतमजुरी करणारी एक वृद्ध स्त्री’ एवढंच ठेवलं. पत्रा मात्र राहू दिला, कारण तो काढला असता तर प्रसंगच उरला नसता.