नणंदेच्या मुलाला वर्षभर घरी ठेवणं शक्य नसेल तर ताईंना कसं सांगावं

जुलै-ऑगस्टमध्ये इंजिनिअरिंगच्या कॅप फेऱ्या सुरू झाल्या की मुंबई-पुण्याच्या कितीतरी घरांत गावाकडून फोन येतो, "पोराला तिकडंच कॉलेज मिळालंय. तुमच्याकडंच राहील की." बोलणाऱ्याच्या मनात यात मागण्यासारखं काही नसतं. भावाचं घर ते आपलंच, असं ते साधं गणित असतं. म्हणूनच इथे नकार देणं एखाद्या परक्याला नाही म्हणण्यापेक्षा फार अवघड जातं.

एक घर डोळ्यांसमोर ठेवून बोलू. डोंबिवलीत चारशे चौरस फुटांचा वन बीएचके. नवरा, बायको, दहावीतली मुलगी आणि नवऱ्याची आई. नवऱ्याची मोठी बहीण कराडजवळ असते आणि तिच्या मुलाला मुंबईतल्या कॉलेजात सीट मिळाली आहे. नवरा स्वतः शिकायला म्हणून दोन वर्षं याच ताईकडे राहिला होता. म्हणजे जागेच्या अडचणीवर उपकाराचं ओझंही आहे.

आधी घराची रात्र कागदावर मांडा

"जागा कमी आहे" एवढंच सांगितलं तर उत्तर ठरलेलं असतं, "त्याला काय लागतं? कोपऱ्यात अंथरूण टाकेल." हे उत्तर खरंही वाटतं, कारण झोपायला माणसाला सहा बाय अडीच फूट पुरतात. अडचण तेवढ्या जागेची नसते, वेळेची असते. म्हणून नवरा-बायकोने बसून एका दिवसाचे तास लिहून काढावेत. आई हॉलमध्ये दिवाणावर झोपते, तिला दहाला दिवा बंद लागतो. मुलगी साडेअकरापर्यंत अभ्यास करते, म्हणून ती आतल्या खोलीत बसते आणि तोवर आई-बाबा जागेच असतात. सकाळी पाणी ठरावीक वेळ येतं, संडास-बाथरूम एकच, आणि सातच्या आत दोघांना निघायचं असतं. आता यात अठरा वर्षांचा मुलगा ठेवून पाहा. इंजिनिअरिंगचा अभ्यास रात्रीच होतो, सबमिशन असेल तर दोन वाजतात. तो दिवा कुठे लावणार? मुलीने कपडे कुठे बदलायचे? आईला रात्री दोनदा उठावं लागतं, ती कुणाच्या अंथरुणावरून जाणार?

हा कागद ताईंना दाखवायचा नाही. तो तुमच्यासाठी आहे. कधीकधी मांडल्यावर लक्षात येतं की जमण्यासारखं आहे, आणि मग नकार द्यायचं कारणच उरत नाही. पण जमत नाही हे दोघांनाही पटलं तर बोलताना आवाज डगमगत नाही आणि "तुझ्या नातेवाइकांचं" अशी घरातली धुसफुसही टळते.

मग आईशी बोला

ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच सगळं बिघडतं. ताईंचा पुढचा फोन आईलाच येणार असतो. आईला आधीपासून माहीत नसेल तर ती लेकीची समजूत घालताना सहज म्हणून जाते, "ये तू घेऊन, मी बघते." एकदा हे वाक्य गेलं की नंतरचा प्रत्येक शब्द ताईंना सुनेचा वाटतो.

आईला निर्णय सुनावू नये. तिला प्रश्न विचारावा, "आई, तो इथे राहिला तर तुझ्या झोपेचं कसं करायचं?" तिचं मन दोन्हीकडे ओढलं जाईल, ते स्वाभाविक आहे. नातवाला भेटता यावं ही तिची खरी इच्छा असते. दर रविवारी तो जेवायला येईल असं तिला आधी सांगितलं तर बहुतेक वेळा तिचा जीव शांत होतो.

फोन नवऱ्यानेच करावा

ज्याच्या रक्ताचं नातं, त्याने बोलावं. बायकोच्या भावाचा प्रश्न असता तर बायकोने. हा नियम मी कधीच मोडू देत नाही, कारण वहिनीच्या तोंडून आलेला "नाही" हा कितीही गोड असला तरी वर्षानुवर्षं "वहिनीनं ठेवून घेतलं नाही" म्हणूनच आठवला जातो. भावाच्या नकाराने बहीण रागावते, भांडते, रडतेही, पण ते दोघांतलं राहतं. बोलताना नवऱ्याने "आम्ही" म्हणावं. "हिचं म्हणणं असं आहे की..." हे वाक्य चुकूनही येऊ देऊ नये.

फोनही लगेच करावा, दोन-चार दिवसांत. "बघू", "विचारतो" यात दिवस गेले की नुकसान मुलाचं होतं. सीट पक्की करायला कॉलेजात जावं लागतं आणि बहुतेक ठिकाणी वसतिगृहाचे अर्ज त्याच सुमाराला घेतात. मामाकडे सोय होणार या भरवशावर तो अर्ज राहून गेला तर पुढे बाहेर महागात राहावं लागतं. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर हे लिहूच नये. तिथे काका-मावशा वाचत असतात आणि ताईंना चारचौघांत नाकारल्यासारखं होतं.

पण त्याआधी पर्यायाची माहिती गोळा करा

रिकाम्या हाताने दिलेला नकार टोचतो. फोन करण्याआधी कॉलेजात एक चक्कर मारावी किंवा निदान फोन लावावा. वसतिगृह आहे का, अर्ज कधी, मेसचे पैसे वेगळे का, एवढं विचारावं. कॉलेजच्या आसपास कॉट बेसिसवर कुठे खोल्या मिळतात, डिपॉझिट किती महिन्यांचं, डबा कोण देतं, हेही पाहून ठेवावं. वसतिगृहात किंवा भाड्याने राहून व्यावसायिक अभ्यासक्रम शिकणाऱ्यांसाठी सरकारची डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तिचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण विभागाची स्वाधार योजना आहे. पात्रतेच्या अटी त्या-त्या वर्षाच्या सूचनेत वाचूनच पुढे सांगाव्यात, नाहीतर ताई त्या पैशांवर हिशेब बांधून बसतील.

फोनवर काय बोलावं

आधी मुलाचं कौतुक, आणि ते मनापासून. मग घोळवत न बसता मुद्द्यावर यावं:

"ताई, मी दोन वर्षं तुझ्याकडं राहिलो, ते मी विसरलेलो नाही. म्हणूनच तुला खोटं कारण सांगणार नाही. वर्षभर त्याला घरी ठेवणं आमच्याकडं जमणार नाही. आई हॉलमध्ये झोपते, पोरीचं दहावीचं वर्ष आहे, एका खोलीत पाच जणांची रात्र निघत नाही. त्याला रात्री अभ्यासाला दिवा लावायलाही जागा मिळायची नाही. पण तो मुंबईत आहे म्हणजे माझ्या जबाबदारीवर आहे. मी कॉलेजात चौकशी केली आहे, वसतिगृहाचा फॉर्म सुरू आहे. स्थानिक पालक म्हणून माझं नाव आणि सही टाका. दर रविवारी तो आपल्याकडं जेवायला येईल."

उपकाराचा उल्लेख आपणच आधी करावा. तो ताईंना करावा लागला तर ते टोमण्यासारखं होतं आणि मग उत्तर सुचत नाही. स्थानिक पालकाचं नाव ही नुसती रीत नसते. वसतिगृहाच्या अर्जात ते बहुधा मागतात, मुलगा आजारी पडला किंवा काही घडलं तर कॉलेज त्याच नंबरवर फोन करतं. ताईंना खरी काळजी याचीच असते की पोराला तिथे आपलं कोण आहे. त्या काळजीला उत्तर मिळालं की छपराचा प्रश्न हलका होतो.

खोटं कारण मात्र देऊ नये. "घराचं काम काढलंय" म्हटलं की ताई म्हणतील, "मग दिवाळीनंतर पाठवते." "दहावी आहे" एवढंच सांगितलं तर मार्चनंतर पुन्हा तोच प्रश्न येतो. जागा हेच कारण असेल तर जागाच सांगावी. ते कारण पुढच्या वर्षीही तेवढंच खरं असतं.

पुढून काय येतं

"मन मोठं असलं की घर मोठं होतं." यावर वाद घालू नये. "तू आमचं सगळ्यांचं केलंस ताई, मला जमत नाही याचं वाईट वाटतंच," एवढं म्हणून थांबावं. कारणं वाढवत गेलं की प्रत्येक कारणावर ताई तोडगा काढतात.

"मग निदान दोन-तीन महिने तरी?" इथे बरेच जण पाघळतात. सोय होईपर्यंत आठ-दहा दिवस ठेवणं योग्यच आहे, पण येण्याची आणि जाण्याची दोन्ही तारखा त्याच फोनवर ठरवाव्यात, आणि खोलीचं डिपॉझिट तो डोंबिवलीला यायच्या आधी भरलेलं असावं. नुसतं "खोली मिळेपर्यंत" म्हटलं तर खोली शोधायची घाई कुणालाच राहत नाही.

आणि कधीकधी बऱ्याच शांततेनंतर येतं, "अरे, एवढा खर्च झेपायचा नाही आम्हाला." खरा प्रश्न बऱ्याचदा हाच असतो, जागेच्या बोलण्याखाली दडलेला. तो कळला तर जमेल तेवढी मदत आकड्यात सांगावी. उदाहरणार्थ, "पहिल्या वर्षीचा डब्याचा खर्च माझ्याकडं." "काही लागलं तर सांग" याला अर्थ नसतो, कारण ताई कधीच सांगणार नाहीत. आणि जमत नसेल तर आकडा बोलूच नये.

दाजींना वेगळा फोन करावा, दुसऱ्याच दिवशी. बायकोमार्फत कळलेला नकार त्यांना मानहानीसारखा लागतो. मुलाशीही स्वतः बोलावं. त्याच्या कानावर "मामा नको म्हणाला" एवढंच गेलं असेल तर तो रविवारी येणार नाही.

नंतरचे काही महिने

ताईंचे फोन कमी झाले, आईलाच परस्पर फोन यायला लागले, किंवा मावशीकडून उलटी बातमी आली, की समजावं की मनात राहिलं आहे. तेव्हा पुन्हा खुलासे करत बसू नये. मुलाला भेटून यावं, त्याची खोली पाहावी आणि ताईंना तेवढंच कळवावं, "गादी चांगली आहे, पंखा चालतो, डबा मीही खाऊन पाहिला."

एक गोष्ट सांभाळायलाच हवी. त्याच वर्षी बायकोच्या माहेरचं कुणी महिनाभर राहायला आलं तर जागेचं कारण तिथेच खोटं ठरतं. दोन्हीकडच्यांना माप एकच लागतं.

हे सगळं शिक्षण-नोकरीच्या मुक्कामाबद्दल. उपचारांसाठी येणाऱ्याचं वेगळं असतं, तिथे नकाराआधी दहा वेळा विचार करावा. तरीही लांबलचक उपचार असतील आणि घर खरंच पुरत नसेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात राहण्याच्या सोयीची चौकशी आपण स्वतः जाऊन करावी. परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांसाठी दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीची सोय आहे. तिथे जागा मिळाली तरी घरचा डबा पोचवणं आणि तपासणीच्या दिवशी सोबत बसणं हे आपल्याकडेच ठेवावं.