८.८० नव्हे, ८.३६: सेमिस्टरचा एसजीपीए जुळला तो असा

गुणपत्रिकेवर एसजीपीए ८.३६ होता, माझ्या हिशेबात मात्र ८.८० येत होता. मी पाचही विषयांचे ग्रेड पॉइंट बेरीज करून सरळ पाचाने भागले होते. चूक तिथेच होती. प्रत्येक पॉइंटला त्या विषयाच्या क्रेडिटने गुणायचं असतं.

गणित ४ क्रेडिट, ए म्हणजे ८: ३२. भौतिकशास्त्र ४, बी प्लस म्हणजे ७: २८. प्रोग्रामिंग ३, ए प्लस म्हणजे ९: २७. इंग्रजी २ आणि प्रॅक्टिकल १, दोन्हींत ओ म्हणजे १०: २० आणि १०. बेरीज ११७, क्रेडिट १४; ११७ ÷ १४ = ८.३६. माझे दोन्ही ओ कमी क्रेडिटच्या विषयांत होते, म्हणून साधी सरासरी फुगली होती.

शेजारच्या मित्राचा गणितात एफ आला होता. एफचा पॉइंट शून्य, पण ते ४ क्रेडिट भागाकारातून वगळायचे नाहीत.